तोच पुरावा, दोन निवाडे

अमेरिकेत 1930 च्या सुमारास शाळांच्या आसपासच्या छोट्या दुकानांतून एक विशिष्ट प्रकारची मिठाई खपत असे. तिच्या एका खोक्यात 120 वड्या असत आणि प्रत्येक वडीची किंमत एक सेंट असे. पण त्यांपैकी चार वड्यांच्या वेष्टनात एकेक सेंटचे नाणे दडवलेले असे, म्हणजे ती वडी ज्याच्या हाती लागे त्याला ती फुकटच पडे. दुसऱ्या प्रकारच्या खोक्यात 60 वड्या असत आणि वडीची किंमत वेष्टनाच्या आतल्या चिठ्ठीवर लिहिलेली असे: दहा वड्यांची एक सेंट, दहांची दोन, उरलेल्या चाळिसांची तीन. मुलाने वडी निवडायची, वेष्टन सोडायचे, आणि मग आपल्याला किती पैसे मोजायचे आहेत हे त्याला समजायचे. ज्या कारखानदारांच्या मनाला असा व्यवहार पटत नव्हता त्यांची साधी, सरळ किमतीची मिठाई दुकानात पडून राहू लागली. व्यापारातील गैरव्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने हा प्रकार बंद करावा असे केपेल नावाच्या कारखान्यास फर्मावले. अपील न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. आणि 5 फेब्रुवारी 1934 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती स्टोन यांनी लिहिलेल्या निकालाद्वारे, कमिशनचा हुकूम पुन्हा कायम केला.

या निकालाचे महत्त्व त्यातील रकमेवर अवलंबून नाही. कारखानदाराने कोठेही असत्य विधान केले नव्हते, नाणे खरोखरच चार वड्यांत होते आणि किमतीची चिठ्ठी खरोखरच वेष्टनात होती. न्यायालयाने दोषास्पद मानले ते असे की, ज्या ग्राहकाला स्वतःचे रक्षण करण्याची शक्ती अद्याप आलेली नाही त्याची ती उणीव हेच येथे विक्रीचे साधन करण्यात आले होते. व्यापारी कायद्यात फसवणूक आणि अन्याय्यता या दोन निराळ्या कसोट्या आहेत. फसवणुकीसाठी काही खोटे सांगावे लागते किंवा सांगण्यासारखे काही लपवावे लागते. अन्याय्यतेसाठी तसे घडलेच पाहिजे असे नाही, दोन पक्षांमधील सामर्थ्याची तफावत आणि त्या तफावतीचा जाणूनबुजून घेतलेला लाभ एवढेच पुरे होते. बालकांना उद्देशून केलेल्या जाहिरातींचा सारा पुढील वाद या दुसऱ्या कसोटीभोवती फिरला, आणि ती कसोटीच कायदेमंडळाने एके दिवशी कमिशनच्या हातून काढून घेतली, म्हणून केपेलच्या मिठाईपासून आरंभ करणे मला आवश्यक वाटले.

मिठाईच्या खोक्याची जागा पुढे दूरचित्रवाणीने घेतली. 1968 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील काही मातांनी पेगी चॅरन यांच्या पुढाकाराने ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संस्था काढली आणि शनिवारी सकाळी मुलांच्या कार्यक्रमांमधून होणाऱ्या खेळणी व गोड खाद्यपदार्थांच्या जाहिरातींविरुद्ध अर्ज-विनंत्यांचा क्रम सुरू केला. एक अमेरिकन मूल वर्षाकाठी सुमारे 20,000 जाहिराती पाहते, असा त्या काळचा अंदाज होता. 1974 मध्ये प्रक्षेपणावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने कार्यक्रम आणि जाहिरात यांत स्पष्ट विभाजन असावे, तसेच ज्या पात्राला मूल आपला मित्र समजते त्याच पात्राने त्याच कार्यक्रमात वस्तू विकू नये, असे धोरण जाहीर केले. या तरतुदी उपयुक्त होत्या, परंतु त्यांच्यामागे एक गृहीतक उभे होते: मुलाला ‘आता जाहिरात आली’ एवढे कळले की काम भागले. ते भागते काय, हाच मूळ प्रश्न आहे.

प्रौढ माणसाच्या बाबतीत जाहिरातीला जी मुभा आपण देतो ती एका अव्यक्त करारावर आधारलेली असते. बाजारात फळवाला आपला आंबा अमृतासारखा गोड असल्याचे ओरडून सांगतो तेव्हा त्याला आपण असत्यवादी म्हणत नाही, कारण तो विकणारा आहे हे आपण जाणतो, विकणाऱ्याचे बोलणे किती कमी करून घ्यावे याचा आपल्याला सराव असतो, आणि हे आपण जाणतो याची जाणीव त्यालाही असते. या जाणिवेला 1994 मध्ये मारियन फ्रीस्टाड आणि पीटर राइट या दोन अभ्यासकांनी एक शास्त्रीय चौकट दिली. तिला मराठीत ‘अनुनयज्ञान’ म्हणता येईल. त्यांच्या मते कोणी आपले मन वळवू पाहत असता आपण तीन प्रकारच्या ज्ञानाचा आधार घेतो: ज्या वस्तूविषयी बोलले जात आहे तिची माहिती, जो बोलत आहे त्याच्याविषयीची माहिती, आणि मन वळविण्याच्या रीतींविषयीची माहिती. हे तिसरे ज्ञान जन्मजात नसते. फसण्यातून, घरातील बोलण्यातून, निरीक्षणातून ते आयुष्यभर थोडेथोडे साचत जाते. त्यांच्या मांडणीतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे अर्थपालटाचा क्षण. जी गोष्ट आजवर केवळ मौजेची म्हणून आपण पाहत आलो, ती मन वळविण्याची युक्ती आहे असे ज्या क्षणी उमगते, त्या क्षणापासून त्या गोष्टीचा अर्थच आपल्यापुरता बदलतो आणि आपण तिच्याकडे जरा अंतरावरून पाहू लागतो. ज्या मुलाच्या आयुष्यात हा क्षण यावयाचा आहे त्याच्या दृष्टीने उड्या मारणारा वाघ, गोड धान्याचे खोके आणि मघाचा कार्यक्रम ही एकाच आनंदाची तीन रूपे असतात.

मग तो क्षण कोणत्या वयात येतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधकांना जी अडचण आली तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण नियमनाचा सारा वाद वयाच्या एका आकड्यावर उभा केला गेला आणि तो आकडा मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे हलत होता. रॉबर्टसन आणि रॉसिटर यांनी 1974 मध्ये पहिली, तिसरी आणि पाचवीतील मुलग्यांना जाहिरात म्हणजे काय, ती कशासाठी असते, असे सविस्तर विचारले. जाहिरात माहिती देते असे म्हणणे निराळे आणि जाहिरात आपल्याला घ्यायला लावू पाहते असे म्हणणे निराळे, हा भेद त्यांनी काळजीपूर्वक पाळला. पहिलीतील निम्म्याहून किंचित अधिक मुलांनी हा दुसरा हेतू ओळखला. पाचवीत तो जवळजवळ सर्वांनीच ओळखला. परंतु यावर आक्षेप असा आला की, पाच-सहा वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट कळत असते आणि तरी ती शब्दांत सांगता येत नाही. तेव्हा तोंडी उत्तरावर भरवसा ठेवणे म्हणजे त्याच्या समजुतीऐवजी त्याच्या भाषेची परीक्षा घेणे होय.

हा आक्षेप वाजवी होता, आणि त्याला उत्तर म्हणून डोनोह्यू, हेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1980 मध्ये शब्दांवाचून घेण्याची परीक्षा बसवली. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना गोड धान्यपदार्थाची एक जाहिरात दाखवायची आणि नंतर त्यांच्यापुढे दोन चित्रे ठेवायची. एकात आई आणि मूल दुकानात ते खोके उचलत आहेत, दुसऱ्यात मूल दूरचित्रवाणी पाहत बसले आहे. जाहिरातीतल्या पात्राला तू काय करावेस असे वाटते ते दाखव, असे सांगितल्यावर बहुसंख्य मुलांनी दुकानाच्या चित्रावर बोट ठेवले. जाहिरातदारांना हा निष्कर्ष मोठा सोयीचा वाटला, कारण दोन-तीन वर्षांचे मूलही विक्रयहेतू जाणते असे त्यावरून म्हणता येऊ लागले.

आता या परीक्षेकडे बारकाईने पाहू. चित्रे दोनच असताना डोळे मिटून बोट ठेवणाऱ्या मुलाचेही उत्तर निम्म्या वेळा बरोबर येणार. शिवाय जाहिरातीत ज्या पदार्थाचे खोके आताच पाहिले तेच खोके एका चित्रात आहे आणि दुसऱ्यात नाही. म्हणजे मूल हेतू ओळखून नव्हे, तर केवळ ओळखीची वस्तू दिसली म्हणून त्या चित्राकडे वळले असणे संभवते. कॅरोल मॅक्लिन यांनी पुढे चित्रांची संख्या वाढवून हीच परीक्षा अधिक कठीण केली, तेव्हा योग्य चित्र दाखविणाऱ्या लहान मुलांचे प्रमाण एकदम घसरले. विशेष लक्षात ठेवण्यासारखे हे की, दोन्ही पक्षांचे संशोधक प्रामाणिक होते. मूल तेच, जाहिरातही त्याच जातीची, पण प्रश्न सोपा केला की तीन वर्षांचे मूल शहाणे ठरते आणि कठीण केला की पाच वर्षांचे मूलही अजाण ठरते. म्हणून ‘अमुक वयात मुलांना जाहिरात समजते’ असे विधान कानी पडताच, त्यांना काय विचारले होते, उत्तरासाठी किती पर्याय होते, आणि माहिती देण्याचा हेतू व मन वळविण्याचा हेतू यांत भेद केला होता काय, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. एवढी चौकशी केली तर पुष्कळशी परस्परविरोधी संशोधने आपोआप जागच्या जागी बसतात, आणि सर्वसाधारणपणे एवढे स्थिर राहते की सहा वर्षांखालील बहुतेक मुलांना मन वळविण्याचा हेतू उमगत नाही, आठव्या वर्षाच्या आसपास तो बहुतेकांना उमगू लागतो.

या पार्श्वभूमीवर 27 एप्रिल 1978 रोजी फेडरल ट्रेड कमिशनने आपला प्रस्ताव प्रसिद्ध केला. मायकेल पर्टशुक हे त्याचे अध्यक्ष होते. प्रस्तावात तीन गोष्टी होत्या. विक्रयहेतू समजण्याच्या वयाला न पोहोचलेली मुले, म्हणजे आठ वर्षांखालील, ज्या प्रेक्षकवर्गात लक्षणीय प्रमाणात आहेत त्याला उद्देशून कोणत्याही वस्तूची जाहिरात दूरचित्रवाणीवर करू नये. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना उद्देशून दातांस अतिशय अपायकारक अशा साखरयुक्त पदार्थांची जाहिरात करू नये. आणि अन्य साखरयुक्त पदार्थांच्या जाहिरातदारांनी स्वखर्चाने आहार व आरोग्याविषयीची माहितीही प्रसारित करावी. यातील पहिल्या प्रस्तावामागील युक्तिवाद केपेलच्या निकालाचाच होता. हेतू न कळणाऱ्या श्रोत्यापुढे हेतूसह बोलणे हे त्या श्रोत्याच्या असमर्थतेचा लाभ घेणे होय, मग बोलण्यातील प्रत्येक अक्षर खरे का असेना.

पुढील तीन वर्षांची हकिकत थोडक्यात सांगतो. एका मोठ्या दैनिकाने अग्रलेखात कमिशनला साऱ्या राष्ट्राची दाई म्हणून हिणवले. जाहिरातदारांच्या संघटनेने, अध्यक्षांनी आपले मत आधीच भाषणांतून जाहीर केले असल्याने त्यांना या प्रकरणी निवाडा देण्याचा अधिकार नाही, अशी फिर्याद केली. जिल्हा न्यायालयाने 1978 च्या अखेरीस ती मान्य केली, पुढील वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि एवढे होऊनही पर्टशुक 1980 च्या आरंभी आपण होऊन बाजूला झाले. दरम्यान सुनावण्या झाल्या, जबान्या नोंदल्या गेल्या, दप्तर हजारो पानांनी फुगले. आणि 28 मे 1980 रोजी अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने जो कायदा अमलात आला त्याने, बालकांसाठीच्या जाहिराती अन्याय्य आहेत या कारणावरून या प्रकरणी कोणताही नियम करण्याचा कमिशनचा अधिकार काढून घेतला. फसवणुकीची कसोटी तेवढी शिल्लक राहिली. 1934 मध्ये ज्या पायावर मिठाईचा निकाल उभा होता तो पाया या एका विषयापुरता असा खणून काढण्यात आला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील निर्णायक घटना हीच, कारण तिच्यानंतर पुराव्याचे वजन कितीही वाढले तरी तो ठेवायला पारडेच उरले नाही.

तरीही कमिशनच्या कर्मचारीवर्गाने आपला अंतिम अहवाल 1981 मध्ये लिहिला. नियमनाच्या साहित्यात इतका प्रांजळ आणि इतका क्लेशदायक दस्तऐवज मी क्वचित वाचला आहे. सहा वर्षांखालील मुलांना जाहिरातीतील अनुनय समजत नाही हे पुराव्याने सिद्ध होते, असे तो म्हणतो. जाहिरातीसोबत सूचना जोडून उपयोग नाही, कारण ज्याला जाहिरात समजत नाही त्याला सूचनाही समजणार नाही, असेही म्हणतो. म्हणजे उपाय एकच, बंदी. पण बंदी कोणत्या कार्यक्रमांवर घालायची? सहा वर्षांखालील मुले काही एका निराळ्या खोलीत बसून निराळी दूरचित्रवाणी पाहत नाहीत; ती मोठ्या भावंडांबरोबर, आईबापांबरोबर, जे लागलेले असेल ते पाहतात. ज्याच्या प्रेक्षकांत एवढ्या लहान मुलांचे प्रमाण खरोखर लक्षणीय ठरावे असा राष्ट्रीय वाहिन्यांवरील कार्यक्रम जेमतेम एक निघत होता, ‘कॅप्टन कांगारू’. मर्यादा कडक ठेवली तर बंदी एका कार्यक्रमापुरती उरते आणि मुलाच्या पाहण्यातील बाकी सारे तसेच राहते. सैल केली तर प्रौढांचे अर्धे कार्यक्रम तिच्या कक्षेत येतात. सबब हे प्रकरण दप्तरदाखल करावे, अशी शिफारस झाली आणि त्याच वर्षी ते बंद झाले. अपाय मान्य, उपाय अशक्य, असा तो शेरा होता.

याच काळात उत्तरेकडे, कॅनडातील क्वेबेक प्रांतात, 30 एप्रिल 1980 पासून ग्राहकसंरक्षणाचा नवा कायदा लागू झाला होता. त्याच्या 248 व्या कलमाने तेरा वर्षांखालील व्यक्तींना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास बंदी घातली. टोरंटोच्या आयर्विन टॉय या खेळण्यांच्या कंपनीने या बंदीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे आव्हान दिले. प्रांतिक अपील न्यायालयात कंपनी जिंकली. आणि 27 एप्रिल 1989 रोजी, म्हणजे अमेरिकेतील प्रस्तावानंतर बरोबर अकरा वर्षांनी, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी कायदा वैध ठरवला. जाहिरात ही अभिव्यक्ती आहे आणि बंदीने तिच्यावर आघात होतो हे न्यायालयाने मान्य केले. परंतु तो आघात समर्थनीय कशाने ठरतो, याच्या पुराव्यासाठी बहुमताने प्रामुख्याने जो दस्तऐवज हाती घेतला तो अमेरिकन कमिशनचा 1981 चा अहवाल होता. ज्या कागदाने वॉशिंग्टनमध्ये प्रकरण बंद केले, त्याच कागदाने ऑटावामध्ये कायदा तारला.

हे कसे घडले? उभय ठिकाणी मुलांविषयीचे ज्ञान तेच होते. निराळे होते ते न्यायालयाने आणि कायद्याने विचारलेले प्रश्न. पहिला फरक वयाच्या रेषेविषयी होता. सहा वर्षांपर्यंतचा पुरावा भक्कम आहे, सात ते बारा या वयाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे उघड असताना तेरा ही रेषा कशी आखली, असा कंपनीचा सवाल होता. बहुमताचे उत्तर असे की, दुर्बल गट आणि व्यापारी यांच्या परस्परविरोधी हितांमध्ये मध्यस्थी करताना, शास्त्रीय पुरावा दोन्हीकडे झुकत असेल तेथे रेषा कोठे आखावी हे ठरविण्यास कायदेमंडळाला काही मोकळीक असली पाहिजे. विरुद्ध मताच्या दोन न्यायमूर्तींना मात्र हे पटले नाही. मुलांचे कल्याण धोक्यात आल्याचे सिद्ध झालेले नाही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यासारखे मूल्य इतक्या सहज बाजूस सारता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे हलके नाही. बालहिताच्या नावाने उद्या कोणती अभिव्यक्ती दडपली जाईल, ही चिंता लोकशाहीत रास्तच आहे.

दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन कमिशनने विचारले होते: पडद्यासमोर कोण बसले आहे? क्वेबेकच्या 249 व्या कलमाने विचारले: ही जाहिरात कोणाशी बोलते आहे? त्यासाठी जाहिरातीच्या संदर्भात तीन गोष्टी पाहाव्यात असे कलम सांगते: वस्तूचे स्वरूप व तिचा हेतू, जाहिरात मांडण्याची रीत, आणि ती दाखवली जाण्याची वेळ व स्थळ. आणि पुढे एक पुरवणी जोडलेली आहे जिच्यात ‘कॅप्टन कांगारू’चे कोडे सुटते: जाहिरात मोठ्यांच्या किंवा सर्वांच्या वेळेत दाखवली गेली, एवढ्यावरून ती मुलांना उद्देशून नाही असे गृहीत धरता येणार नाही. समजा, धुलाईयंत्राची जाहिरात मुलांच्या व्यंगचित्र-कार्यक्रमात आली. वस्तूत मुलांना रस नाही, मांडणीत त्यांच्यासाठी काही नाही, म्हणून वेळ मुलांची असूनही ती सुटू शकते. उलट, जेवणासोबत खेळणे देणाऱ्या उपाहारगृहाची जाहिरात रात्री साऱ्या कुटुंबाच्या मालिकेत आली. वस्तू मुलांना ओढणारी, मांडणीत बोलके प्राणी आणि खेळणे, मग वेळ मोठ्यांची होती हे सांगून सुटका होत नाही. प्रेक्षकांची गणती करीत बसण्याऐवजी येथे वक्त्याचा रोख तपासला जातो, आणि वक्त्याचा रोख हा नेमका तोच विषय आहे जो लहान मुलाला ओळखता येत नाही. मुलाच्या वतीने अनुनयज्ञान वापरण्याचे काम कायदा स्वतःकडे घेतो, असे मी याचे वर्णन करीन. काही अपवाद आहेत: वेष्टने, दुकानातील मांडणी, मुलांसाठी विकली जाणारी नियतकालिके यांना नियमांनी सूट दिलेली आहे, आणि ती बऱ्याच जणांना खटकते.

या कायद्याचा परिणाम मोजण्याची एक संधी भूगोलानेच दिली. क्वेबेकच्या वाहिन्यांवर बंदी असली तरी सीमेपलीकडील अमेरिकन वाहिन्या माँट्रियलमध्ये दिसत होत्या, आणि त्या इंग्रजी होत्या. मार्व्हिन गोल्डबर्ग यांनी शहरातील इंग्रजी-भाषिक व फ्रेंच-भाषिक मुलांची तुलना करून 1990 मध्ये दाखवले की, इंग्रजी-भाषिक मुले अमेरिकन कार्यक्रम अधिक पाहत, बाजारातील अधिक खेळणी ओळखत, आणि त्यांच्या घरी मुलांसाठीच्या गोड धान्यांची अधिक खोकी असत. हा केवळ दोन संस्कृतींतील फरक नाही कशावरून, ही शंका येते. परंतु भाषा कोणतीही असो, जे मूल अमेरिकन वाहिन्या अधिक पाहत होते त्याच्या घरी ती खोकीही अधिक होती. दूरचित्रवाणीच्या या नळातून थेंब कमी पडले तेथे भांडेही कमी भरले, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

राहता राहिला आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा प्रश्न. त्यांना हेतू समजतो, तर मग संरक्षण कशाला? येथे याच गोल्डबर्ग यांनी मेरी ब्रक्स आणि गॅरी आर्मस्ट्राँग यांच्यासह 1988 मध्ये केलेला एक प्रयोग फार बोलका आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना जाहिरातीच्या क्लृप्त्यांचे शिक्षण देण्यात आले. हे ज्ञान मुलांत आले यात शंका नव्हती. पण जाहिराती पाहताना त्यांच्या मनात प्रतिवाद उमटला तो केव्हा? पाहण्याआधी त्यांना त्या ज्ञानाची आठवण करून दिली तेव्हाच. आठवण न दिलेल्या मुलांच्या बाबतीत ते ज्ञान कपाटात जपून ठेवलेल्या छत्रीसारखे राहिले, पाऊस आला तरी बाहेर निघाले नाही. ज्ञान असणे आणि ऐन वेळी ते वापरणे या दोन पायऱ्या आहेत. दुसरीसाठी क्षणभर थांबावे लागते, मोहाच्या वस्तूपासून लक्ष काढून घ्यावे लागते, आणि मनाची ही आवर घालण्याची शक्ती बालपण ओलांडल्यावरही बराच काळ पक्व होत असते. आठव्या वर्षाची सीमा पहिल्या पायरीवरून आखलेली होती. क्वेबेकची तेराची सीमा, तिच्या कर्त्यांच्या मनात हे नसले तरी, दुसऱ्या पायरीच्या अधिक जवळ जाते. म्हणूनच शाळेत जाहिरात-साक्षरतेचे धडे दिले की नियमनाची गरज संपली, हा उद्योगाकडून वारंवार येणारा युक्तिवाद मला स्वीकारता येत नाही. धडे अवश्य द्यावेत. पण ते धडे मुलाला प्रत्येक जाहिरातीच्या आधी आठवून कोण देणार?

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली त्यांत बालकांसाठी एक स्वतंत्र तरतूद आहे. मुलांचा अननुभव, त्यांचा भाबडेपणा यांचा गैरफायदा घेऊ नये; वस्तू घेतली नाही तर इतर मुले हसतील असे सुचवू नये; भेटवस्तूंचे आमिष दाखवून अनावश्यक खरेदीस प्रवृत्त करू नये: ही कलमे वाचताना केपेलच्या निकालाची आठवण होते, कारण त्यांचा आधार असत्य हा नसून असमर्थता हा आहे, आणि ती कोणत्याही वेळच्या जाहिरातीला लागू होतात. परंतु चिप्स, शीतपेये आणि तत्सम खाऊविषयीची जी स्पष्ट बंदी आहे ती मुलांसाठीचा कार्यक्रम आणि केवळ मुलांसाठीची वाहिनी एवढ्यापुरती आहे. म्हणजे त्या बंदीने प्रश्न विचारला आहे तो अमेरिकन कमिशनचा, क्वेबेकचा नव्हे. संध्याकाळी साडेसात वाजता आजीच्या मांडीवर बसून कौटुंबिक मालिका पाहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीपुढे चिप्सच्या पाकिटातून एक व्यंगचित्रातले अस्वल उडी मारून बाहेर येते आणि तिच्याकडे पाहून हसते. क्वेबेकमध्ये ती जाहिरात वस्तू आणि मांडणी या पहिल्या दोन प्रश्नांपाशीच अडवता येते, आणि येथे त्या बंदीपुरते एवढे उत्तर पुरते की, त्या वेळी पडद्यावर मोठ्यांची मालिका चालू होती.